स्मरणशक्तीचा मासिक हप्ता

मी नारपोलीतल्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. अडतीस वर्षं कचेरीत काढली. त्या काळात माझ्या हातून किती अर्ज लिहिले गेले, याचा हिशोब मीही ठेवलेला नाही. शाळेचे तर होतेच, पण आळीतल्या लोकांचेही होते. नळजोडणी हवी, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं, मुलाच्या दाखल्यावरची जन्मतारीख चुकली, की लोक कोरा कागद घेऊन माझ्याकडे यायचे. कापडाच्या लूमवर काम करणारे यूपीचे भाईसुद्धा यायचे. ते हिंदीत सांगायचे, मी मराठीत लिहायचो, आणि खाली त्यांचा अंगठा किंवा सही घ्यायचो. अर्जाला उत्तर आलं नाही असं क्वचितच झालं असेल. त्यामुळे माझा असा समज झाला होता की नीट मांडलेल्या अर्जापुढे जगात कुणाचंही चालत नाही. विषय, संदर्भ, महोदय, सविनय सादर आणि खाली आपला विश्वासू. एवढं जमलं की काम झालं.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी हा समज एका मोबाइलच्या अ‍ॅपने उतरवला. त्याची हकिगत सांगताना मला स्वतःची लाज वाटते आणि हसूही येतं. दोन्हीचं प्रमाण रोज बदलतं.

सुरुवात एका शेअर रिक्षात झाली. मी टेमघरला एका ओळखीच्याकडे निघालो होतो. रिक्षात दोन बायका होत्या आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला एक माणूस कापडाचा तागा मांडीवर घेऊन बसला होता. ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, "चाचा, किधर उतरना है?" आणि मला सांगता येईना. कुठे जायचंय तेच आठवेना. डोकं कोऱ्या कागदासारखं झालं होतं. ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. मी "यहीं" म्हणालो, पैसे दिले आणि उतरलो. रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर हळूहळू सगळं परत आलं. मला अजून बरंच पुढे जायचं होतं. मी चालत गेलो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं की आज मुद्दाम चाललो, तब्येतीला बरं असतं. ती म्हणाली, "रोज चाला." विषय तिथेच संपला.

माझ्यापुरता तो संपला नव्हता. कारण माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी रस्ता चुकायचे, मग नावं चुकायला लागली, आणि शेवटची दोन वर्षं ते मला 'साहेब' म्हणायचे. "साहेब, माझा दाखला कधी मिळंल?" असं विचारायचे. मी "उद्या या" म्हणायचो आणि शाळेत निघून जायचो. घरी राहायची माझी बायको. तिने त्यांना अंघोळ घातली, भरवलं, कपडे बदलले. ते तिच्यासमोरच विचारायचे, "ही बाई कोण?" तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी मात्र ड्युटी ड्युटी करत सुटलो होतो. सुट्टीच्या दिवशीही मला शाळेत काम निघायचं. तेव्हा ते खरंच निघायचं असं मी स्वतःला सांगत असे.

म्हणून रिक्षातली गोष्ट मी तिला सांगितली नाही. तिला ते सगळं माझ्यासाठी पुन्हा करावं लागलं असतं. मी ठरवलं, काय करायचं ते गुपचूप करू. डॉक्टरकडे जायची हिंमत नव्हती. डॉक्टर म्हटलं की उत्तर मिळतं आणि मला उत्तर नको होतं. तेवढ्यात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. 'रोज दहा मिनिटं, स्मरणशक्ती पुन्हा तरुण. पहिला आठवडा फक्त एक रुपया.' जाहिरातीतला माणूस माझ्याच वयाचा होता, पण त्याचे सगळे दात जागेवर होते. मी अ‍ॅप घेतलं.

एक रुपया भरायचा होता. आता माझं शहाणपण बघा. पेन्शनच्या खात्याला मी कधीही यूपीआय जोडलेलं नाही. पेपरात फसवणुकीच्या बातम्या वाचून मी ठरवलं होतं की आपलं पेन्शन सुरक्षित राहिलं पाहिजे. बायकोच्या खात्याला मात्र यूपीआय आहे, आणि ते मीच जोडून दिलंय. ती ब्लाऊज शिवते, गिऱ्हाइकं फोनवरून पैसे पाठवतात. तिच्या फोनची कामं मीच करायचो, पिनही मीच ठरवून दिला होता. तेव्हा मी काय केलं? माझ्या फोनवर अ‍ॅपने एक चौकोनी कोड दाखवला, त्यावर तिचा फोन धरला, पुढे काय लिहिलंय ते चष्मा न लावता खाली सरकवलं आणि पिन टाकला. माझं पेन्शन शाबूत राहिलं. चोर मी तिच्या खात्यात सोडला.

ते सरकवलेलं मी नंतर चष्मा लावून वाचलं. सात दिवसांनंतर दर महिन्याला दोनशे नव्याण्णव रुपये आपोआप कापायला मी परवानगी दिली होती. अजून वेळ होता, सातव्या दिवसाच्या आत रद्द केलं असतं तर प्रश्नच नव्हता. मी डायरीत लिहून ठेवलं, 'अ‍ॅप रद्द करणे'. पण लिहिलं पुढच्या महिन्याच्या पानावर. अशा रीतीने स्मरणशक्तीचं अ‍ॅप रद्द करायचं मी विसरलो आणि कंपनीला तिचं पहिलं इमानदार गिऱ्हाईक मिळालं.

अ‍ॅपमध्ये रोज बारा चित्रं दाखवायचे. छत्री, किल्ली, बैल, टोपी असली. मग ती झाकायची आणि मी सांगायचं काय काय होतं. मला सात आठवायची. एकदा नऊ आठवली तर पडद्यावर फुगे उडाले. आठवड्याच्या शेवटी अहवाल आला की तुमच्या मेंदूचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. म्हणजे मी माझ्या मेंदूचा धाकटा भाऊ निघालो. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हटलं, दुपारचं जड झालं. दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅप उघडलं नाही, तर दुपारी सूचना आली, 'आज तुम्ही आम्हाला विसरलात!' खाली रडका चेहरा. मी चिडलो आणि अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं. मला वाटलं, पीडा गेली.

बायकोचं पासबुक दर महिन्याला मीच भरून आणतो. बँकेतल्या मशीनमध्ये घालायचं, मशीन कुरकुरतं आणि छापून देतं. पुढच्या वेळी छापून आलं त्यात दोनशे नव्याण्णव रुपये गेलेले होते. एका ब्लाऊजच्या शिलाईएवढे. मी ते पासबुक पिशवीत खाली घातलं आणि घरी सांगितलं की मशीन बंद होतं.

मग मी अ‍ॅप परत घेतलं. 'तुमची आठवण येत होती' असं त्याने लिहिलं. मी मदतीचा फोन नंबर शोधला. नंबर कुठेच नव्हता. 'आमच्याशी बोला' असं एक बटण होतं. ते दाबल्यावर एक खिडकी उघडली आणि आतून कुणीतरी म्हणालं, 'नमस्कार! मी तुमचा साहाय्यक. आज मी कशी मदत करू?'

माझा हात आपोआप अर्जाकडे वळला. मी एका बोटाने एकेक अक्षर दाबत सबंध अर्ज लिहिला. विषय: मासिक वर्गणी बंद करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की. तीन परिच्छेद झाले. कोणत्या तारखेला किती कापले ते दिलं, अ‍ॅप काढून टाकल्याचं दिलं, तरी सदर वर्गणी तात्काळ बंद करून तसे लेखी कळवावे ही विनंती. आपला विश्वासू. पाठवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं, 'धन्यवाद, आपला विश्वासू! तुमचं नाव नोंदवलं. खालीलपैकी एक निवडा.' खाली तीन पर्याय होते. माझा स्कोअर, नवीन खेळ, वार्षिक प्लॅनवर सवलत. बंद करणे हा पर्याय नव्हता.

मी पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा तीन पर्याय दिले. मी फक्त 'रद्द' एवढंच लिहिलं, तर म्हणाला, 'आपला विश्वासू, तुम्ही जाताय हे ऐकून वाईट वाटलं! जाण्याआधी एक आठवडा मोफत घ्या?' मी 'नको' लिहिलं. 'छान! तुमचा मोफत आठवडा सुरू झाला आहे.' मी 'माणसाशी बोलायचे आहे' असं लिहिलं. 'आमचे प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत. तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे.' हे वाक्य मी स्वतः शाळेत किती पालकांना ऐकवलं होतं! साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. पण मी निदान चहा प्यायला बाहेर तरी पडायचो, तेव्हा पालक मला गाठायचे. या साहाय्यकाला चहाही लागत नव्हता.

ईमेलचा एक पत्ता सापडला. तिथे तोच अर्ज पाठवला. लगेच तक्रार क्रमांक आला आणि माझ्या जिवात जीव आला. क्रमांक मिळाला म्हणजे कागद कुठेतरी टेबलावर पडला, अशी माझी अडतीस वर्षांची श्रद्धा. मी तो डायरीत लाल शाईने लिहिला. चार दिवसांनी निरोप आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या. कुणी सोडवली, काय सोडवली, पत्ता नाही. मी उत्तरात विचारलं तर निरोप आला की या पत्त्यावर आलेले ईमेल वाचले जात नाहीत. मग एक तारा दिला आणि खाली खरपूस शब्दांत लिहिलं. त्यावर कंपनीचं उत्तर झळकलं, 'प्रिय ग्राहक, कृपया आम्हाला ईमेल करा.'

शेवटचं शस्त्र टपाल होतं. अ‍ॅपच्या नियमांच्या पानावर अगदी तळाला परराज्यातल्या एका शहराचा पत्ता होता. मी लांब कागदावर, वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, सोबत पासबुकाची झेरॉक्स जोडली आणि पोचपावती लावून स्पीड पोस्टाने पाठवला. पोस्टातून बाहेर पडताना मी जरा ताठ चालत होतो. दोन आठवड्यांनी पाकीट परत आलं. त्यावर तिकडच्या पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलं होतं की या पत्त्यावर अशी कंपनी नाही. सगळ्या प्रकरणात माणसाच्या हाताने लिहिलेलं तेवढं एक उत्तर मला मिळालं.

तोपर्यंत तिसरा हप्ता कापला गेला होता आणि चौथा जवळ आला होता. पासबुकाचं मशीन माझ्या सांगण्यानुसार तीन महिने बंद होतं. बायको म्हणाली, "एवढं बंद राहतं का मशीन? बँक चालूय ना?" मी म्हटलं, "रिपेरिंगला माणूस मिळत नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. तिचा फोन वाजला की मी आधी उठायचो. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी तिच्या फोनवर मेसेज येतो, उद्या अमुक रक्कम जाणार म्हणून. पण तो इंग्रजीत असायचा. ती इंग्रजी वाचत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

शेवटी मी तिचं पासबुक घेऊन बँकेत माणसाच्या खिडकीवर गेलो. खिडकीत एक तरुण बाई होती. मी माझी फाइल पुढे केली. अर्जाची प्रत, तक्रार क्रमांक, परत आलेलं पाकीट, सगळं टाचून नेलं होतं. तिने फाइल उघडलीच नाही. पासबुकातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका, हे ऑटोपे आहे. तुम्ही यूपीआयवरून मॅन्डेट दिलंय."

"मी बंद करा म्हणून कंपनीला कळवलंय. तीन महिने कळवतोय."

"कंपनीला कशाला कळवायचं? परवानगी तुम्ही दिली, काढून पण तुम्हीच घ्यायची. ज्या पेमेंट अ‍ॅपवरून दिली त्याच्यातच ऑटोपे म्हणून असतं बघा. तिथे ह्या कंपनीचं नाव दिसेल. उघडायचं, रद्द करा दाबायचं, पिन टाकायचा. संपलं. कंपनीने हो म्हणायची गरज नसते. फक्त कापायच्या तारखेच्या आधी करा."

मी माझ्या फाइलकडे बघत राहिलो. "आणि ते अ‍ॅप मी काढून टाकलं होतं, ते?"

"त्याने काही होत नाही काका. दुकानात जाणं बंद केलं म्हणून उधारी थांबते का?" ती हसली. "गेलेले पैसे मात्र मी सांगू शकत नाही. फोन कुणाचा आहे, तुमचा?"

"मिसेसचा."

"मग मिसेसना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांचाच पिन लागेल."

मी बाहेर आलो. एखाद्याला दोन मिनिटांचं काम आहे असं ऐकून आनंद झाला असता. मला आधी राग आला, मग कीव आली, दोन्ही स्वतःचीच. तीन महिने मी बंद दारावर डोकं आपटत होतो आणि किल्ली तिच्या फोनमध्ये पडली होती. पण एका गोष्टीने बरंही वाटलं. पिन मला माहीत होता. म्हणजे मिसेसना सांगायची गरज नव्हती.

दुपारी ती शेजारी मोजमाप घ्यायला गेली. फोन शिलाई मशीनच्या फळीवर ठेवून गेली होती. मी चष्मा लावला, दाराला कडी घातली, स्वतःच्याच घरात चोरासारखा. बँकेतल्या बाईने सांगितलं तसं सगळं सापडलं. ऑटोपे, त्याखाली कंपनीचं नाव, रद्द करण्याचं बटण. दाबलं. पिन टाकला. चुकीचा पिन.

पिन मीच ठरवला होता, कित्येक वेळा टाकला होता. आता मला पिनही आठवत नाही? पुन्हा टाकला, एकेक आकडा मनात म्हणत. चुकीचा. म्हटलं, मधले आकडे उलटेसुलटे असतील. तसे टाकले. पडद्यावर आलं की तीन वेळा चुकल्यामुळे आज पिन चालणार नाही, उद्या प्रयत्न करा. मी फोन फळीवर होता तसा ठेवला आणि पलंगावर बसलो. शेजारच्या शेडमधले लूम खटाखट चालू होते, नेहमी त्यांचा आवाज ऐकू येत नाही, त्या दिवशी येत होता. मला वाटलं, झालं. सुरू झालं. वडिलांसारखंच. मला खरंच रडू आलं आणि मी ते पुसून दाराची कडी काढली, कारण ती परत येत होती.

ती परत आली आणि फोन घेऊन अस्तर आणायला दुकानात गेली. अर्ध्या तासाने हात हलवत आली. पिशवी रिकामी होती.

"अहो, माझ्या फोनला काय झालं? दुकानदार म्हणतो पिन तीनदा चुकीचा टाकला म्हणून बंद झालाय. मी तर आज टाकलाच न्हाय."

मी म्हटलं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ती लग्न करून वळ गावाच्या पुढच्या एका खेड्यातून इथे आली त्याला चाळीस वर्षं झाली. एरवी ती शहरासारखंच बोलते. पण खरं काढायचं असलं की तिची गावची भाषा वर येते.

"तुमी टाकला का?"

"हो."

"तो न्हाय चालायचा. मी बदललाय. बचत गटात बँकेची बाई आली होती, ती म्हणाली पिन घरातल्या मानसाला पन सांगायचा न्हाय. तवाच बदलला."

मला आधी हायसं वाटलं. इतकं, की मी हसलोच. म्हणजे मी विसरलो नव्हतो! पिन बरोबर होता, फक्त जुना होता. ती म्हणाली, "हसता काय?" आणि मला त्या हसण्याचं कारण सांगता येईना. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आणि परवा चौथा हप्ता जाणार होता. पिन तिच्याकडे होता. आता अर्ज तिच्याकडेच करायचा होता.

अर्ज कसला, मला विषयसुद्धा सुचेना. मी पलंगाची चादर सारखी करत बसलो आणि मग एका दमात बोललो. तुझ्या खात्यातून पैसे जातायत, मीच चालू केलं, एक रुपयाला घेतलं होतं, तीन महिने बंद करायला धडपडतोय, बँकेतलं मशीन बंद नव्हतं. ती म्हणाली, "कसलं आहे ते?" मी म्हणालो, "अ‍ॅप आहे." "कसलं अ‍ॅप?" "व्यायामाचं." "कसल्या व्यायामाचं?" मग मी सांगितलं. रिक्षातलं सांगितलं. ड्रायव्हरने विचारलं आणि मला सांगता आलं नाही, ते सांगितलं. "वडिलांचं झालं तसं माझं होईल म्हणून भीती वाटते," असं मी चादरीकडे बघत म्हणालो. "तेव्हा मी घरी थांबलो नाही. तू केलंस सगळं. परत तुलाच करावं लागेल." यातला एकही शब्द मी कधी कुठल्या कागदावर लिहिला नव्हता.

ती शिलाई मशीनपाशी बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. दोरा ओवला तरी शिवायला घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिने फोन आणला आणि म्हणाली, "दाखवा कुठे आहे ते." मी ऑटोपे उघडून दिलं. कंपनीच्या नावाखाली रद्द करण्याचं बटण होतं. ती म्हणाली, "तिकडे बघा." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिने पिन टाकला. फोन टिंग वाजला आणि हिरव्या खुणेबरोबर मॅन्डेट रद्द झाल्याचं आलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. साहाय्यकाने निरोप घेतला नाही, मोफत आठवडा विचारला नाही, माझं नाव घेतलं नाही. तीन महिन्यांची लढाई संपली आणि मी त्यात कुठेच नव्हतो.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. मेसेज येईल आता तुला, इंग्रजीत असतो."

"ठाऊक आहे. दर महिन्याला येतो."

मी तिच्याकडे बघितलं. ती कप उचलत होती.

"पहिल्यांदा आला तवाच ब्लाऊज न्यायला आलेल्या पोरीकडून वाचून घेतला होता. तिनं शोधून सांगितलं, काकू, हे याद ठेवायचं शिकवायचं अ‍ॅप आहे. बंद करून देऊ का, म्हणाली."

"मग?"

"मी न्हाय म्हटलं."

"न्हाय का म्हटलंस?" माझ्याही तोंडून तिचंच 'न्हाय' निघालं.

तिने कप पुन्हा खाली ठेवले. "तुमी लपून लपून करत होता. मना वाटलं, गुण येत असंल. एका ब्लाऊजचेच पैसे ते. जाऊ दे म्हटलं."

मी तीन महिने ज्या पैशांच्या मागे लागलो होतो ते माझ्या अर्जांना कुणी उत्तर दिलं नाही म्हणून जात नव्हते. ते तिने जाऊ दिले होते, दर महिन्याला, मेसेज आला की कळून सवरून. आणि मी समजत होतो की तिला वाचता येत नाही.

"गुण आला का?" तिने विचारलं.

"बारातली सात चित्रं आठवतात," मी म्हटलं.

"मंग उद्या डॉक्टरकडं जाऊ," ती म्हणाली. "मी येते संगती. तुमाला एकट्याला न्हाय धाडायची." आणि फोन पदराला पुसून तिने माझ्या हातात दिला, अस्तराच्या दुकानाचा नंबर लावायला.